जीएसटी प्रॅक्टिशनरचे प्रमाणपत्र आणि पक्षकाराचा पासवर्ड

सोलापुरात बी.कॉम. होऊन विवरणपत्रे भरण्याचे छोटे कार्यालय थाटू पाहणाऱ्या पदवीधराला ‘जीएसटी प्रॅक्टिशनर’ या नावाखाली दोन प्रकारचे कागद दिसतात, आणि त्यांतील फरक न कळल्यामुळे पुष्कळांचे पैसे आणि महिने वाया जातात. खासगी क्लासचे प्रमाणपत्र शिकल्याची पावती असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ४८ खालील नावनोंदणीलाच अर्थ आहे. त्यासाठी पोर्टलवर PCT-01 या नमुन्यात अर्ज करून पदवीचा पुरावा जोडावा लागतो, आणि अधिकाऱ्याच्या पडताळणीनंतर PCT-02 हे प्रमाणपत्र मिळते, जे रद्द होईपर्यंत वैध राहते. भारतीय विद्यापीठाची वाणिज्य पदवी नियम ८३ प्रमाणे पुरेशी आहे. नियम ८३अ मधील परीक्षेची अट जुन्या कायद्यांखाली विक्रीकर व्यवसायी किंवा विवरणपत्र तयार करणारे म्हणून निदान पाच वर्षे नोंद असलेल्यांसाठी लिहिलेली आहे. प्राप्तिकराची ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ योजना ही वेगळीच, २००६ ची. तिचा या नोंदणीशी संबंध नाही.

खरी अडचण प्रमाणपत्र भिंतीवर लागल्यानंतर सुरू होते. व्यवहारात असे आढळते की बहुतेक छोटी कार्यालये PCT-02 चा उपयोगच करत नाहीत. पक्षकाराचा युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून घेतला जातो, सोयीसाठी त्याच्या नोंदणीत कार्यालयाचाच मोबाइल आणि ईमेल टाकला जातो, आणि दर महिन्याची विवरणपत्रे जणू पक्षकारानेच भरली अशी दाखल होतात. कामाला वेग येतो हे मान्य करावे लागेल, परंतु कोणी काय भरले याचा पोर्टलवर उरणारा पुरावा पक्षकाराच्या नावाचा असतो, आणि विभागाची प्रत्येक सूचना पक्षकाराऐवजी कार्यालयाच्या मेलबॉक्समध्ये जाते.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल उत्पादकाने चार लाख रुपयांचे सूत घेतले आणि त्यावर पाच टक्क्यांप्रमाणे वीस हजारांचा कर बिलात दिला. विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेच नाही, म्हणून पुरवठादारांच्या विवरणांवरून आपोआप तयार होणाऱ्या GSTR-2B या तक्त्यात ते आले नाही. आणि तक्त्यात नसलेल्या बिलाची वजावट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वळता करणे, कलम १६(२)(अअ) प्रमाणे घेता येत नाही. विवरणपत्र तयार करणाऱ्याने समोरच्या बिलावर विश्वास ठेवून ती वजावट घेतली आणि वापरली. वर्षभराने ASMT-10 ही छाननीची नोटीस निघाली, तिचे उत्तर साधारणपणे तीस दिवसांत द्यावयाचे होते. पण दरम्यान उत्पादकाने दुसरा सल्लागार धरला होता आणि नोटीस जुन्याच्या न उघडलेल्या मेलमध्ये पडून राहिली. वीस हजारांवर वर्षाचे अठरा टक्के व्याज म्हणजे तीन हजार सहाशे, आणि कर निर्धारणाच्या आदेशापर्यंत प्रकरण गेले तर किमान दहा हजारांचा दंड. वेळीच उघडलेल्या मेलने हा दंड पूर्ण टळला असता, कारण कारणे दाखवा नोटिशीआधी कर व व्याज भरल्यास दंड लागत नाही.

कलम ४८(३) नुसार विवरणपत्रातील तपशिलाच्या खरेपणाची जबाबदारी करदात्याचीच राहते. हे वाचून निर्धास्त होणाऱ्या प्रॅक्टिशनरने नियम ८३ मधील गैरवर्तणुकीची तरतूदही वाचावी, कारण PCT-03 ची कारणे दाखवा नोटीस देऊन PCT-04 च्या आदेशाने त्याला अपात्र ठरवता येते. त्याविरुद्ध तीस दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येते, एवढेच.

म्हणून पहिल्या पक्षकारापासूनच PCT-05 या नमुन्यातील अधिकारपत्र घ्यावे. पक्षकाराने आपल्या लॉगिनमधून, Services खालील User Services मध्ये, Engage / Disengage GST Practitioner हा पर्याय निवडून प्रॅक्टिशनरचा नोंदणी क्रमांक टाकायचा आणि प्रॅक्टिशनरने आपल्या लॉगिनमधून ती नियुक्ती स्वीकारायची, अशी ही रीत आहे. त्यानंतर तो स्वतःच्या डिजिटल स्वाक्षरीने किंवा इलेक्ट्रॉनिक पडताळणीने विवरणपत्रे भरू शकतो. परताव्याचा दावा किंवा नोंदणीतील बदल असेल तर पक्षकाराची पुष्टी मिळेपर्यंत पोर्टल तो अर्ज पुढे नेत नाही, आणि ही थोडी कटकटीची पायरीच प्रॅक्टिशनरचा सर्वांत भक्कम बचाव ठरते. मोबाइल आणि ईमेल मात्र पक्षकाराचेच असावेत. आधीच कार्यालयाचे टाकले असतील, तर ऑनलाइन पडताळणी करून नोंदणीत दुरुस्ती करता येते, आणि ती पक्षकार सोडून जाण्याआधी, त्याच्याच समोर, त्याच्या फोनवर आलेला ओटीपी त्यालाच टाकायला सांगून केलेली बरी.