दोन पहाऱ्यांमधील संभाषण

कुंभकोणम येथील एका मराठी कुटुंबास पुण्यातील आप्तांशी इंटरनेटवरून थेट बोलावयाचे आहे, असे समजू. घरातील फोनचा पत्ता 192.168.1.5 असा खाजगी असतो. पुण्यातील फोनचाही नेमका तोच असू शकतो! बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर राउटर आपला सार्वजनिक पत्ता व एक पोर्ट-क्रमांक घालतो आणि तशी नोंद ठेवतो. बाहेरून येणाऱ्या पुडक्याशी जुळणारी नोंद नसेल, तर ते टाकून दिले जाते. दोन्हीकडे असाच पहारा असल्याने पहिली हाक पोहोचतच नाही.

यावरील युक्ती अशी. दोन्ही फोन एका त्रयस्थ सर्व्हरला विचारतात, "मी तुला कोणत्या पत्त्यावर व पोर्टवर दिसतो?" या उत्तरांची अदलाबदल झाली, की दोघेही एकाच सुमारास परस्परांकडे पुडकी धाडतात. पहिले पुडके पलीकडे बहुधा नाकारले जाते. परंतु जाता जाता ते स्वतःच्या राउटरमध्ये नोंद करून जाते, आणि त्याच छिद्रातून पलीकडचे पुडके आत शिरते.

काही राउटर मात्र प्रत्येक नव्या ठिकाणासाठी निराळा पोर्ट-क्रमांक देतात. सर्व्हरला 40001 दिसला, तरी पुण्याकडे निघालेल्या पुडक्यावर 51870 असतो. दोन्ही बाजूंस असे राउटर असल्यास छिद्रे जुळणे दुरापास्तच. मग दोघेही आपण होऊन एका मध्यस्थ सर्व्हरशी जोडून घेतात आणि तो प्रत्येक शब्द इकडून तिकडे पोहोचवितो. त्याचा खर्च संभाषणभर चालूच राहतो. शिवाय तो सर्व्हर सिंगापुरात असेल, तर कुंभकोणमचा शब्द समुद्र ओलांडून, किंचित उशिरानेच, पुण्यास जातो.