‘ॲप फास्ट करा’ म्हटल्यावर आधी काय विचारायचं

गिऱ्हाईक ‘ॲप स्लो आहे, फास्ट करा’ म्हणालं की लगेच कोड उघडू नकोस. आधी विचार: कुठलं बटण दाबल्यापासून, स्क्रीनवर काय दिसेपर्यंत? आणि फोन कुठला?

समज, दुकानांच्या ऑर्डरी घेणाऱ्या विक्रेत्यांचं ॲन्ड्रॉइड ॲप आहे. तू केबल लावून मोजतोस:

```
adb shell am start -S -W -n com.example.orders/.MainActivity
```

यातल्या `-S` मुळे ॲप आधी पूर्ण बंद होतं, म्हणजे तू थंड सुरुवात मोजतोस. `TotalTime` येतो 900, म्हणजे 0.9 सेकंद. तू म्हणशील, ॲप तर झटकन उघडतंय. पण हा आकडा पहिली चौकट रंगेपर्यंतचाच असतो, आणि त्या चौकटीत नुसतं गोल फिरणारं चक्र आहे. ऑर्डरींची यादी दिसते चौथ्या सेकंदाला. विक्रेता वाट पाहतो ती यादीची. म्हणून यादी दिसते त्या जागी `reportFullyDrawn()` लिही. मग लॉगमध्ये `Fully drawn` अशी ओळ येईल. आपलं मोजमाप ते.

आता मधले तीन सेकंद कुठे गेले ते बघ. प्रोफाइल, दरपत्रक, ऑर्डरी अशा तीन मागण्या सर्व्हरकडे एकामागून एक जातात, प्रत्येकीला साधारण सेकंद. ऑर्डरींची यादी दाखवायला दरपत्रक लागतच नाही. सुरुवातीचा कोड महिनाभर तासत बसलास तर वाचेल फार तर अर्धा सेकंद. मागण्या एकदम पाठवल्यास तर दोन वाचतील.

उद्दिष्ट ठरवताना सरासरीला भुलू नकोस बाबा. शंभरपैकी नव्वद वेळा एक सेकंद आणि दहा वेळा अकरा सेकंद लागले, तरी सरासरी दोनच येते, आणि तक्रार मात्र त्या दहांचीच असते. म्हणून असं लिहून घे: ‘3 जीबी रॅमचा फोन, 4जी नेटवर्क, रिलीज बिल्ड, थंड सुरुवात, शंभरातल्या पंच्याण्णव वेळा यादी दोन सेकंदांच्या आत.’ डीबग बिल्डवरचे आकडे धरू नकोस, ती मुळातच संथ चालते. गूगल प्लेच्या व्हायटल्समध्ये थंड सुरुवातीला पाच सेकंद किंवा जास्त लागले तर ती अति मानतात. ती हद्द आहे, तिला उद्दिष्ट समजू नकोस.

एक गोष्ट गिऱ्हाइकाकडून आधीच ठरवून घे: फोनमध्ये साठवलेली कालची यादी लगेच दाखवली तर चालेल का? चालत असेल तर दोन सेकंद सहज गाठशील. पण विक्रेत्याला रद्द झालेली ऑर्डर जिवंत दिसणार असेल, तर घड्याळ ताजी यादी येईपर्यंत चालू ठेवावं लागेल.