मित्राच्या मेसेजला त्याच्याच चालीत उत्तर कसं द्यायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत मोबाईलवरचे चार-पाच मेसेज दाखवून मी हा विषय घेतला होता. व्हिडिओत उदाहरणं भरभर निघून जातात, म्हणून इथं तीच गोष्ट जरा निवांत लिहून देतो. वाचताना स्वतःचं व्हॉट्सॲप उघडून शेजारी ठेवा.

आपल्या बीडकडं नवा धंदा सुरू केला की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा मित्रच असतो. शाळेतला, गल्लीतला, नाहीतर कामाला पुण्याला गेलेला. तो ऑर्डर देतो ती गप्पा मारत, टोमणे मारत. आणि आपण उत्तर देतो ते दुकानदार होऊन. तिथं चाल चुकते. मित्राला वाटतं, 'धंदा काढला आन् हा परका झाला.' तो तसं बोलून दाखवत नाही, फक्त पुढच्या वेळी दुसरीकडून माल घेतो.

हॉवर्ड जाइल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात यावर सिद्धांत मांडला. माणसं बोलताना नकळत एकमेकांचा वेग, उच्चार, शब्द उचलतात. समोरच्याशी जवळीक हवी असेल तर त्याच्याकडं सरकतात, अंतर ठेवायचं असेल तर मुद्दाम वेगळं बोलतात. भजनात टाळकरी जशी चाल पकडतो, तसंच हे. समोरासमोर आपण हे आपोआप करतो. मेसेजमध्ये चेहरा नसतो, आवाज नसतो, म्हणून तिथं जरा बघून करावं लागतं.

आधी मेसेज मोजा

उत्तर टाईप करण्याआधी मित्राच्या मेसेजमध्ये तीन गोष्टी बघा.

पहिली, लांबी. एक ओळ आहे, चार वाक्यं आहेत, की सलग पाच छोटे मेसेज आलेत? दुसरी, विनोद. तो तुम्हाला चिडवतोय, स्वतःवर हसतोय, की विनोद नाहीच? तिसरी, जोर. 'लईईई भारी' असं ताणून लिहिलंय, उद्गारचिन्हं आहेत, की शांत, पूर्णविराम देऊन लिहिलंय?

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा तुम्ही बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं पेट्या भरून विकायला सुरुवात केली आहे. पुण्यातल्या मित्राचा मेसेज येतो:

"का रं शेठ, सीताफळवाला झालास म्हणं! आता तुला फोन करायला अपॉइंटमेंट लागती का? दिवाळीला पाच किलो ठेव माझ्यासाठी. आन् बिया मोजून दे, मागच्या वेळी नुसत्या बियाच खाल्ल्या!"

चार-पाच वाक्यं, तीन टोमणे, एक ऑर्डर, जोर भरपूर. याला तीन चुकीची उत्तरं जातात.

एक: "नमस्कार! आमच्याकडे उत्तम प्रतीची, नैसर्गिक पद्धतीने पिकवलेली सीताफळे उपलब्ध आहेत. ऑर्डरसाठी खालील माहिती पाठवावी..." मित्रानं 'का रं' म्हटलं आणि तुम्ही 'पाठवावी' म्हणालात.

दोन: "ओके. ७०० रुपये." माहिती बरोबर आहे, पण त्यानं टाकलेले तिन्ही टोमणे जमिनीवर पडले. चिडवणाऱ्याला परत चिडवलं नाही तर त्याला वाटतं हा रागावला.

तीन: दहा ओळींचे विनोद, वीस हसणारे चेहरे, आणि पाच किलोचं काय झालं ते कुठंच नाही. जाइल्सच्या सिद्धांतात याला अति-जुळवणं म्हणतात. समोरच्याला ते खोटं किंवा खिल्ली उडवल्यासारखं वाटतं.

आता जुळणारं उत्तर बघा:

"शेठ कसला, हमाल झालोय! तुला अपॉइंटमेंट कायमची दिलीय. पाच किलो बाजूला काढतो, ७०० रुपये होतील, पेटी शनिवारी निघंल. बिया मोजल्यात, तरी तू एकदा गिनून घे."

वाक्यं तेवढीच. त्यानं 'शेठ' म्हटलं, तुम्ही तोच शब्द उचलून स्वतःवर घेतला. बियांचा टोमणा त्याच्याकडं परत गेला. जोर सुरुवातीला त्याच्याएवढा आहे, शेवटी जरा कमी. उत्तर नेहमी मित्राएवढं किंवा बोटभर खाली ठेवा, वर नको. त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसणारा माणूस विकायला आलेला वाटतो.

विनोद आकड्याच्या आजूबाजूला, आकड्यात नाही

वरच्या उत्तरात किंमत आणि वार साध्या वाक्यात आहेत. हे मुद्दाम केलंय. 'तुझ्यासाठी लाख रुपये' किंवा 'पैसे काय रे, देशील तवा दे' असं मजेत लिहिलं की मित्र ते खरं धरू शकतो. महिन्यानं पैसे मागायची वेळ येते तेव्हा दोघंही अवघडतात. म्हणून वजन, रक्कम, तारीख यांचं एक सरळ वाक्य मध्ये ठेवायचं आणि गंमत त्याच्या दोन्ही बाजूंना.

ऑर्डरचे शब्द मात्र त्याचेच परत लिहा. नेदरलँड्समध्ये एका रेस्टॉरंटात याचा प्रयोग झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. वेट्रेसनं गिऱ्हाइकाची ऑर्डर त्याच्याच शब्दांत परत म्हटली तेव्हा तिला जास्त टिप मिळाली, नुसतं 'बरं' म्हटलं तेव्हा कमी. मित्र 'पेटी' म्हणाला तर तुम्ही 'बॉक्स' म्हणू नका. तो 'ठेव' म्हणाला तर 'बुकिंग झालं' नको, 'ठेवतो' म्हणा.

बोलीचंही तेच. मित्र 'काय करायलास' लिहितो आणि तुम्हीही तसंच बोलता, तर तसंच लिहा. पण मित्र कोल्हापूरचा किंवा नागपूरचा असेल तर त्याची बोली उसनी घेऊ नका. ती नक्कल वाटते. तुमची बोली ठेवा, लांबी आणि जोर जुळवा. तेवढं पुरतं.

मित्र खचलेला असेल तेव्हा

हा भाग नीट वाचा, कारण इथं चाल चुकली तर नुसती ऑर्डर नाही, मैत्री जाते.

समजा मित्राकडं तुमचे ३,००० रुपये उधार आहेत. रात्री अकराला त्याचा दहा ओळींचा मेसेज येतो. पावसात सोयाबीन गेलं, काढणीची मजुरी अंगावर पडली, पैसे या महिन्यात जमणार नाहीत. शेवटी लिहितो, 'आता मीबी दुकान टाकतो, तुझ्यासारखा बसून खाईन.'

त्या दहा ओळींना 'ठीक आहे' आणि अंगठा पाठवला तर त्यानं जीव काढून लिहिलेलं वाया जातं. दहा ओळी परत लिहिल्या तर ते भाषण होतं. निम्मी लांबी पकडा, चार-पाच ओळी. उद्गारचिन्ह एकही नको. शेवटच्या विनोदावर मोठ्यानं हसू नका. दुःखात माणूस स्वतःवर हसतो, ते तुम्ही पण हसावं म्हणून नसतं. ते ऐकलं एवढं कळवा आणि पुढं जा.

"वाचलं सगळं. एवढ्या कष्टाचं सोयाबीन डोळ्यांदेखत गेलं, लई वाईट झालं. ३,००० चं या महिन्यात डोक्यातून काढ, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला बोलू. दुकानात बसायला जागा आहे, उद्या चहाला ये."

'सोयाबीन गेलं' हे त्याचेच शब्द पहिल्यांदा आले. पैशाची तारीख स्पष्ट आहे. तारीख न देता 'कधीपण दे' म्हटलं असतं तर त्याच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहिलं असतं. दुकानाच्या विनोदाला हलकं उत्तर आहे, तेही आमंत्रणाच्या रूपात.

रागाच्या मेसेजला वेगळा नियम आहे. 'चार दिवस झाले, पेटी कुठाय?' याला रागाचा जोर जुळवायचा नाही, घाई जुळवायची. लगेच, थोडक्यात, विनोद न करता: 'शनिवारी निघाली, गाडीवाल्याला आत्ता फोन करतोय, अर्ध्या तासात सांगतो.' आणि अर्ध्या तासात खरंच सांगा.

मोबाईलमधली एक सेटिंग

तुम्ही व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर तुमच्या आधी मशीनच चाल बिघडवत असेल. Greeting message चालू असला की चौदा दिवस बोलणं झालं नसलेल्या मित्रालाही 'आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद' असं आपोआप जातं. Business tools मध्ये Greeting message उघडा, Recipients वर जा आणि Everyone not in address book निवडा. मग तो मेसेज फक्त सेव्ह नसलेल्या नंबरांना जाईल. क्विक रिप्लायसुद्धा अनोळखी गिऱ्हाइकासाठीच ठेवा. दर, पत्ता, खाते क्रमांक एवढ्यापुरते ते ठीक, मित्राच्या टोमण्याला नाही.

चाल चुकली हे कसं ओळखायचं?

मित्र सांगणार नाही, त्याचा पुढचा मेसेज सांगेल. चार वाक्यं लिहिणारा एका शब्दावर येतो: 'बरं.' 'तू' म्हणणारा 'तुम्ही' म्हणायला लागतो. 'का रं शेठ' जाऊन 'नमस्कार' येतं. यातलं एक दिसलं तर कामात असेल म्हणून सोडून द्या. दोन दिसली तर अजून मेसेज लिहीत बसू नका, फोन करा. मेसेजमध्ये बिघडलेला सूर मेसेजमध्येच लावायला गेलं की बहुतेक वेळा आणखी बिघडतो. मित्रानं व्हॉइस मेसेज पाठवला असेल तर उत्तरही शक्यतो आवाजातच द्या. दुकानात गर्दी असेल तर लिहा, 'गर्दीय, ऐकून रात्री बोलतो.'

एक मर्यादा लक्षात ठेवा. चाल जुळवायची म्हणजे होकार जुळवायचा असं नाही. मित्र गमतीत 'दहा किलो फुकट दे' म्हणाला तर गमतीतच 'फुकट फक्त बिया' म्हणा आणि खाली सरळ दर लिहा. सूर त्याचा, हिशोब तुमचा.

या आठवड्याचं काम: व्हॉट्सॲपमधले मित्रांचे शेवटचे पाच मेसेज आणि तुमची उत्तरं काढा. प्रत्येकाच्या शेजारी वहीत तीन गोष्टी लिहा: लांबी, विनोद, जोर. जिथं तिन्हीपैकी दोन जुळत नाहीत, ते उत्तर वहीत पुन्हा लिहून बघा. पुढच्या व्हिडिओत उधारी मागण्याचा मेसेज कसा लिहायचा ते घेऊ, तेव्हा ही वही लागेल.