केमोत बोटं बधिर झाली तर : भिलाईतला तपासण्यांचा आणि खर्चाचा हिशेब

उदाहरणासाठी एक गृहस्थ धरू. वय 62, पोलाद कारखान्यातून निवृत्त, भिलाईतच स्थायिक. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय, आणि आता दर तीन आठवड्यांनी ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाइन आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू आहेत. असे आठ डोस ठरले आहेत. पहिल्या दोन डोसनंतर थंड पाण्याला हात लागला की बोटांत झिणझिण्या यायच्या, पण चार-पाच दिवसांत सगळं ओसरायचं. आता पाचवा डोस तोंडावर आला तरी बोटांची टोकं आणि तळपाय बधिरच आहेत. सदऱ्याची बटणं लावताना वेळ लागतो.

या टप्प्यावर बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. कोणीतरी ‘नसांची गोळी’ आणून देतं आणि पाचवा डोस ठरल्याप्रमाणे लागतो. पण या त्रासात खरा उपयोग होतो तो डॉक्टरांना वेळेत सांगण्याचा, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

थंडीने येणाऱ्या आणि काही दिवसांत जाणाऱ्या झिणझिण्या ऑक्झॅलिप्लॅटिनमध्ये जवळपास सगळ्यांना येतात. त्या टाळायला डोसनंतर आठवडाभर फ्रिजमधलं काही हाताळायचं नाही आणि कोमट पाणी प्यायचं, एवढं पुरतं. पुढच्या डोसपर्यंतही न जाणारी बधिरता वेगळी. औषध मणक्याशेजारच्या चेतापेशींत साठत जातं आणि सगळ्यांत लांब नसांची टोकं आधी कोमेजतात, म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या आणि हातांच्या बोटांपासून होते. यातली कठीण बाब अशी की शेवटच्या डोसनंतरही दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त काळ, बधिरता वाढतच राहू शकते. म्हणून ‘अजून सहन होतंय’ हा डोस चालू ठेवण्याचा निकष होऊ शकत नाही.

डॉक्टरांना ‘मुंग्या येतात’ एवढंच सांगू नका, कोणतं काम अडतं ते सांगा. नुसत्या झिणझिण्या असतील तर डोस सहसा तसाच ठेवतात. बटण, किल्ली, भाजी चिरणं अडायला लागलं तर पुढचा डोस सुमारे पाव हिश्श्याने कमी करण्याचा विचार होतो. जेवणं, अंघोळ, चालणं अडलं तर ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवून फक्त गोळ्या चालू ठेवतात. आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगात सहा महिन्यांऐवजी तीन महिने उपचार दिले तर काय होतं, याचा अनेक देशांतला एकत्रित अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिने घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना काम अडवणारी बधिरता आली, तीन महिने घेणाऱ्यांत सहा-सातांमागे एकाला. कमी धोक्याच्या रुग्णांत फायदा जवळपास तितकाच राहिला. गाठ कितपत पसरली होती यावर हे अवलंबून असतं, पण ‘माझ्या बाबतीत तीन महिने पुरतील का?’ हा प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

दोष केमोचाच आहे असं धरून बसू नये. आपले गृहस्थ मधुमेही आहेत, आठ वर्षं मेटफॉर्मिन घेतात, रोज पोटाची पॅन्टोप्राझोल चालू आहे, आणि शाकाहारी आहेत. बी-12 कमी व्हायला या तिन्ही गोष्टी पुरेशा आहेत. क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियम डोसआधी होतच असतात, त्यावर पुन्हा पैसे घालू नका. वरचा खर्च बी-12, थायरॉइड आणि एचबीए1सी यांचा. खासगी लॅबमध्ये तिन्ही मिळून ढोबळमानाने 1,200 ते 2,200 रुपये लागतात. पेटके येत असतील किंवा सिस्प्लॅटिन चालू असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही बघावं, त्याचे आणखी 500-700. लॅबगणिक दर बदलतात, फोन करून विचारा.

इथे दोन ठिकाणी पैसे वाया जातात. बी-12चं इंजेक्शन किंवा गोळी घेतल्यावर रक्त दिलं तर आकडा चांगलाच येतो आणि कमतरता झाकली जाते, म्हणून आधी रक्त, मग गोळी. दुसरं, छत्तीसगडमध्ये सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. हा आजार असेल, किंवा केमोमुळे रक्त कमी होऊन बाहेरून रक्त चढवलं असेल, तर एचबीए1सी फसवं येतं. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साधी साखर जास्त खरं सांगते. केमोसोबत दिलेल्या डेक्सामेथासोनने साखर चढते, तेही लक्षात घ्यावं.

आणखी एक कारण आपल्या भागात विसरून चालणार नाही. कुष्ठरोगाचं प्रमाण देशात जिथे जास्त आहे त्या राज्यांत छत्तीसगड येतं. बधिरता एकाच हाताला किंवा पायाला असेल, त्वचेवर फिकट चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

नसांची विद्युत तपासणी, म्हणजे एनसीएस, साधारण अडीच ते पाच हजारांना पडते. माझं मत, दोन्ही बाजूंना सारखी बधिरता आणि कारण उघड असेल तर ती पहिल्याच फेरीत नको. बारीक नसा त्यात दिसत नाहीत, आणि डोसचा निर्णय कोणतं काम अडतं यावरच होतो. स्नायूंत ताकद कमी होत असेल किंवा एकाच बाजूला त्रास असेल, तर मात्र ती करावी.

मेथिलकोबालामिन, बी-6 आणि प्रीगाबालिनच्या मिश्र गोळ्यांनी केमोची बधिरता टळते याला पुरावा नाही, आणि बी-6 जास्त काळ मोठ्या मात्रेत घेतलं तर तेच नसांना इजा करतं. असेटिल-एल-कार्निटिनने तर टॅक्सेन घेणाऱ्यांत त्रास वाढल्याचं दिसलं. दुखत आणि जळजळत असेल तर ड्युलोक्सेटिनला पुरावा आहे : आठवडाभर 30 मिलिग्रॅम, मग 60. महिन्याचा खर्च अंदाजे 300 ते 600, जनऔषधी केंद्रात बहुधा कमी. नुसत्या बधिरतेवर त्याची फारशी आशा धरू नये, आणि घेतलं तर मनाने एकदम बंद करू नये.

पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या बहिणींसाठी वेगळी गोष्ट. डोस चालू असताना एक नंबर लहान असे दोन सर्जिकल हातमोजे एकावर एक, किंवा बर्फाचे मोजे, यांनी बधिरता कमी होते असे अभ्यास आहेत. हातमोज्यांना फारसा खर्च येत नाही. मात्र ऑक्झॅलिप्लॅटिनवाल्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊ नये.

पाठीत नवं, रात्री वाढणारं दुखणं, पाय लुळे पडणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, ही केमोची बधिरता नव्हे. मणक्यात गाठ दाबत असू शकते. पैशांचा विचार न करता त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जा. संपूर्ण मणक्याच्या एमआरआयला खासगीत 8 ते 15 हजार लागतात, पण एका दिवसाच्या उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात.

पैसे कोण भरणार? आयुष्मान कार्डात भरती किंवा डे-केअरचा केमो बसतो, आणि भरतीआधीचे 3 व नंतरचे 15 दिवस यांतल्या संबंधित तपासण्या पॅकेजमध्ये धरल्या जातात. बाहेर ओपीडीत केलेली बी-12 मात्र खिशातून जाते. म्हणून डोसच्या तारखेआधीच्या तीन दिवसांत, त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रक्त द्यावं. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांनी सेक्टर-9च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात आपलं वैद्यकीय पुस्तक दाखवून कोणत्या तपासण्या तिथेच होतात ते आधी विचारावं. रायपूरचं एम्स टाटीबंधला, भिलाईच्याच बाजूला आहे, सरकारी दरातली न्यूरॉलॉजीची तपासणी तिथे मिळते. नागपूरला उपचार चालू असतील तर पुढच्या डोसच्या आठवडाभर आधी फोनवर बधिरता सांगून ठेवा, कारण गाडी पकडून तिथे पोचल्यावर डोस बदलला तर तो दिवस आणि मुक्कामाचे पैसे दोन्ही जातात.