व्याजदराची अदलाबदल: बचत येते कुठून?

मित्रहो, आधी दर वहीत उतरवून घ्या. मायबोर म्हणजे मुंबईतल्या बँकांचा आपसातला दर.

अ कंपनी: स्थिर ८%, बदलता मायबोर + ०.५%
ब कंपनी: स्थिर १०%, बदलता मायबोर + १.५%

अ ला दोन्हीकडे स्वस्त मिळतं. पण फरक स्थिरमध्ये २, बदलत्यात १. म्हणून एकूण बचत २ − १ = १%.

अ ला बदलता दर हवाय, ब ला स्थिर. तरी अ ने स्थिर दरानेच कर्ज घ्यायचं, ब ने बदलत्या. मग ब ने अ ला ८% द्यायचे, अ ने ब ला मायबोर.

अ: ८ − ८ + मायबोर = मायबोर. बचत ०.५%.
ब: मायबोर + १.५ − मायबोर + ८ = ९.५%. बचत ०.५%.

१०० कोटींवर प्रत्येकी वर्षाला ५० लाख वाचले. मात्र ब च्या बँकेने पुढे १.५ चे २.५ केले, तर ब ला १०.५% पडतील. मग बचत कसली, उलट तोटाच!