हक्क मोठा की मार्गदर्शक तत्त्व?

प्रश्न : मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही, मग मूलभूत हक्कांपुढे त्यांचा उपयोग काय?

उत्तर : अनुच्छेद ३७ नुसार ही तत्त्वे न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत, हे खरे. पण हक्काचा अर्थ लावताना न्यायालय त्यांचा आधार घेते. मुंबईचाच ओल्गा टेलिस खटला बघा. १९८१ मध्ये सरकारने फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला घेतल्या. रहिवाशांचे म्हणणे असे, की काम इथेच मिळते. इथून उठवले तर खायचे काय? १९८५ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने अनुच्छेद २१ मधला जीविताचा हक्क अनुच्छेद ३९(अ) आणि ४१ यांच्यासोबत वाचला आणि उपजीविका त्या हक्कातच येते, असे ठरवले.

तरी झोपड्या वाचल्या नाहीत, हे बहुतेक जण सांगायचे विसरतात. फुटपाथ अडवण्याचा हक्क कुणालाच नाही, महापालिका कायद्याचे कलम ३१४ वैध आहे, असे न्यायालय म्हणाले. मात्र एरवी आधी नोटीस हवी, आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा. कारवाईही पावसाळा संपून महिना होईपर्यंत थांबवली. म्हणजे तत्त्वाने हक्क रुंदावला, घर मात्र दिले नाही.