ईदच्या गर्दीत ग्राहकाला कोणती उत्तरे द्यावीत?

रमजानचा पंधरावा रोजा उलटला की शिलाई आणि तयार कपड्यांच्या दुकानदारांना मोबाइलवर तेच तीन प्रश्न येऊ लागतात. कपडे कधी मिळतील? या नंबरचा कुर्ता आहे का? बसला नाही तर बदलून द्याल का? हात मशीनवर असताना आपण घाईने "होऊन जाईल" असे लिहितो आणि चाँदरातीला दुकानात भांडण उभे राहते. म्हणून उत्तरे आधीच लिहून ठेवावीत. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये Quick replies या ठिकाणी ती साठवता येतात. मग / हे चिन्ह टाइप केले की ती समोर येतात.

मात्र उत्तर लिहिण्यापूर्वी हिशेब हवा. समजा, हिंगणघाटच्या एका कारागिराकडे तीन मशीन आहेत आणि दिवसाला १२ जोड शिवून होतात. आज पंधरावा रोजा संपला. चाँद २९ व्या रोजाच्या संध्याकाळीही दिसू शकतो, म्हणून माल २८ व्या रोजापर्यंत ग्राहकाच्या हाती पडला पाहिजे. काज-बटण व इस्त्रीला एक दिवस आणि वीज गेली किंवा कारागीर आजारी पडला तर म्हणून एक दिवस सोडला, तर शिलाईला १६ ते २५ असे दहा रोजे, म्हणजे १२० जोड. हातात ९६ आहेत. तेव्हा नवे २४ जोडच घेता येतील. उत्तर असे लिहावे:

"आपले कपडे ___ तारखेला सायंकाळी ५ नंतर मिळतील. बिल सोबत आणावे."

येथे "ईदपूर्वी" लिहू नये, तारीखच घालावी. चोविसावा जोड घेतला की हे उत्तर बंद करून "ईदपूर्वीची शिलाई भरली आहे, ईदनंतर घेऊ" हे सुरू करावे. हा बदल करायचे राहिले, तर तयार उत्तरच खोटी वचने वाटत सुटते.

मालाच्या उत्तरात वेळ हवी: "४० नंबरचे २ नग सकाळी ११ वाजता शिल्लक होते. आगाऊ रक्कम दिल्यास सायंकाळी ७ पर्यंत राखून ठेवू." सकाळचे उत्तर दुपारी जसेच्या तसे पाठवू नये.

परतीबाबत "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य पुष्कळांच्या बिलावर अजून असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. रंग आवडला नाही, ही गोष्ट वेगळी. तेथे आपली अट चालते. म्हणून दोन्ही वेगळे सांगावे:

"दोष असल्यास माल परत घेऊन पैसे देऊ. नंबर बदलायचा असल्यास न वापरलेला कपडा बिलासह ७ दिवसांत आणावा. मापाने शिवलेला कपडा दुरुस्त करून देऊ."

बिलावरही हीच मुदत छापावी.

एकच ग्राहक दुसऱ्यांदा "अजून झाले नाही का?" असे विचारतो, तेव्हा मात्र तयार उत्तर पाठवू नये. बिल क्रमांक मागून कापड कोणत्या मशीनवर आहे ते पाहावे आणि तेच कळवावे.